रेडीमेड कंपाउंड करताय? आधी कोपरे मोजा, मी ३७,५०० घालवलेत

सासवडच्या बाजूला आमचा पाच गुंठ्यांचा प्लॉट आहे, वाकडातिकडा, पाच बाजूंचा, त्यात उतार. सिमेंटचं रेडीमेड कंपाउंड ठरवलं, सात फुटी प्लेटा एकावर एक पाच, ४२० रुपये रनिंग फूट. गेट सोडून ३१५ फूट, म्हणजे १,३२,३००.

कॉन्ट्रॅक्टरने लग्नपत्रिकेच्या मागे हिशोब मांडला, ३१५ भागिले ७, दोन पोलमधले गाळे ४५. "एकदम पूर्ण बसतंय बघा साहेब, एक प्लेट कापायला नको." आणि मी, अकाउंट्समध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, वा वा म्हणालो! इथेच कळायला हवं होतं. बाजू होत्या ८७, ६२, ९४, ४० आणि ३२. एकीलाही सातने भाग जात नाही. प्लेट काय कोपऱ्यावरून वळते का? प्रत्येक बाजू वेगळी भागायची असते. पूर्ण गाळे ४२ आणि टोकांना ३, ६, ३, ५, ४ फुटांचे पाच तुकडे, झाले ४७.

अर्धं काम झाल्यावर फोन, "कोपरे अ‍ॅडजस्ट होईनात, ६० प्लेटा नि १५ पोल एक्स्ट्रा लागतात." प्लेट ४५०, पोल ७००. पाऊस तोंडावर होता, मिस्त्री थांबलेले, मी त्याच रात्री ३७,५०० पाठवले. हसू नका, तुम्हीही पाठवले असते. नंतर बसून काढलं तर जास्तीच्या प्लेटा फक्त पाच (तीन फुटाचे दोन तुकडे एकाच प्लेटेतून निघतात) आणि पोलही पाचच, दोन वाढलेल्या गाळ्यांचे आणि तीन तिरक्या कोपऱ्यांचे, कारण साध्या पोलच्या खाचा समोरासमोर असतात, तिरक्या कोपऱ्याला दोन पोल शेजारी लावावे लागतात. म्हणजे ५,७५० चा माल, आणि रेट रनिंग फुटाचा असताना तोही त्यानेच घालायचा ना!

एक्स्ट्रा माल आलाच नाही. ९४ फुटी बाजूला तर तुकडा टाळायला तेराच गाळे ताणून बसवले, दर गाळ्याला पावणेतीन इंच जास्त. प्लेट खाचेत दोन्हीकडे जेमतेम दीड इंच असते, मग राहिलं काय? पहिल्याच पावसात तीन गाळे आडवे. पोलच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावून स्वतः बघा, आणि उतारावर टेप आडवी ताठ धरा, जमिनीवर लोळवली तर फूट वाढतात आणि बिलही.

शहरातल्या चौकीत गेलो तर म्हणाले प्लॉट ग्रामीणला, तिकडे जा. तिकडे म्हणाले पैसे पुण्यातून गेले, तिकडे जा. तिसऱ्या फेरीला एक साहेब म्हणाले, "काम केलंय ना त्याने? मग दिवाणी मॅटर आहे, वकील बघा." बरं, पक्कं बिल कुठाय विचारतात. बिल असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? बँकेने तर एका ओळीत उडवलं, पेमेंट तुम्हीच केलंय. अर्जाची पोच मिळाली तेवढी, तीही मी दोनदा मागितल्यावर. पोल आणि प्लेटांचा बाजूवार आकडा लिहून सही घेतल्याशिवाय दमडी देऊ नका.

त्याचा फोन अजून लागतो. मी आहे म्हटल्यावर कट करतो.