कॉर्पस : आज दहा लाख की ताब्यावेळी तेरा?

विलेपार्ल्यातील आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात बिल्डरने प्रत्येक सभासदापुढे दोन पर्याय ठेवले : कॉर्पसचे, म्हणजे पुनर्विकासात बिल्डर सभासदाला देतो त्या एकरकमी निधीचे, 10 लाख रुपये करारावेळीच घ्यावेत, किंवा 4 वर्षांनी ताबा मिळताना 13 लाख. तेराचा आकडा मोठा दिसतो खरा. परंतु आजचे 10 लाख वार्षिक 7 टक्के चक्रवाढीने ठेवल्यास तोवर सुमारे 13.11 लाख होतात, म्हणजेच त्या 13 लाखांचे आजचे मूल्य जेमतेम 9.92 लाख भरते. व्याजावरील कर वजा जाऊन हातात 6 टक्केच पडणार असतील, तर मात्र पारडे तेराकडे झुकते. परंतु ताबा वर्षभर लांबला (मुंबईत हे नवल नव्हे) आणि रक्कम तीच राहिली, तर 7 टक्क्यांच्या हिशेबाने तेच मूल्य 9.27 लाखांवर उतरते. मी दहा लाखांवर सही केली.