ट्रान्सफॉर्मर मॉडेलला टोकनची जागा कळावी म्हणून शिकलेला पोझिशन तक्ता घ्यावा की रोटरी एम्बेडिंग?

नांदेडचा एक मित्र मराठी भाषा मॉडेल शून्यापासून ट्रेन करतोय आणि इथेच अडलाय.

५१२ जागा, ७६८ मिती धरल्या तर तक्त्याला ३,९३,२१६ पॅरामीटर लागतात. रोटरीला एकही नाही. पण खरा फरक दोन टोकनमधलं अंतर कसं कळतं यात आहे. रोटरी अटेन्शनमधल्या क्वेरी आणि कीचे आकडे जोडीजोडीने फिरवते, व्हॅल्यूला हात लावत नाही. समजा एक जोडी दर जागेला १ रेडियन फिरते. मग ७व्या जागेची क्वेरी ७ रेडियन फिरली, ४थ्या जागेची की ४ रेडियन फिरली, आणि डॉट प्रॉडक्टमध्ये उरला फक्त ३चा फरक. १०७ आणि १०४ घेतले तरी तोच ३! तक्त्याला हे डेटातूनच शिकावं लागतं.

रोटरीत एक जपा: मजकूर लिहून घेताना आधीच्या टोकनच्या की-व्हॅल्यू साठवणारा कॅशे वापरला आणि नव्या टोकनची जागा पुन्हा ०पासून मोजली, तर पहिलं टोकन ठीक येतं आणि पुढचा मजकूर भरकटतो.

५१२ टोकनच्या आतलं वर्गीकरणच करायचं असेल तर तक्ता पुरतो. लांब मजकूर लिहून घ्यायचा असेल तर रोटरीच घ्या. मात्र ट्रेनिंगच्या लांबीपलीकडे तीही बिघडते.