झाडांची वही: दिवाळीपासून श्रावणापर्यंत वापरून पाहिल्यावर

झाडांची नोंदवही ठेवा, हा सल्ला बाल्कनीत चार कुंड्या ठेवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. तारीख, पाणी, खत आणि काही वेगळं दिसलं तर ते, एवढंच लिहायचं. त्यामुळे वही म्हणजे काय हे सांगत बसत नाही. मी ती दिवाळीनंतर सुरू केली आणि आता श्रावण लागलाय. मधल्या काळात या वहीने एक लिंबू वाचवला आणि महिन्याला पैसे घेऊन कुंड्या बघायला येणाऱ्या सेवेशी झालेल्या वादात माझी बाजू राखली. म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

माझ्याकडे पुण्याच्या उपनगरात पूर्वेची बाल्कनी आहे. चौदा इंची कुंडीत कागदी लिंबू, शिवाय अनंत, एकाच वयाचे दोन मोगरे, जास्वंद, कढीपत्ता आणि कोरफड.

आधी तक्रार सांगते, कारण याच कारणाने बरेच जण महिन्याभरात वही सोडत असणार. विमा एजंट नवीन वर्षाला जी डायरी देतात, एका पानावर एक तारीख असलेली, ती या कामाला निरुपयोगी आहे. फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिच्यात लिंबाची नोंद वीस वेगवेगळ्या पानांवर विखुरते. पंधरा दिवसांपूर्वी लिंबाला काय दिलं होतं ते शोधायला पानं उलटत बसावं लागतं आणि नेमकं जे बघायचं, म्हणजे एकाखाली एक लागलेला क्रम, तो कधीच डोळ्यांसमोर येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात दूध आणि गॅस मावतो, सात झाडं मावत नाहीत. मी जानेवारीत साधी दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक झाडाला समोरासमोरची दोन पानं दिली. एका तारखेला एक ओळ. खरा उपयोग तिथून सुरू झाला.

पाण्याच्या रकान्याबद्दल माझं मत मध्येच बदललं. सुरुवातीला फक्त दिवस लिहीत होते आणि त्यातून 'लिंबाला चार दिवसांनी पाणी' असा नियम निघेल असं धरलं होतं. थंडीत तो निघालाही. फेब्रुवारी संपता संपता दोन दिवसांवर आला, एप्रिलमध्ये रोजचं झालं. म्हणजे नुसत्या तारखेतून फक्त ऋतू कळतो, आणि तो तर आपल्याला घामानेही कळतो. खरी माहिती पाणी घालण्याआधी कुंडी कशी होती यात आहे. म्हणून मार्चपासून बोट दोन पेरं मातीत घालते आणि 'को', 'ओ' किंवा 'चि' लिहिते: कोरडं, ओलसर, चिखल. बोट घालायला काही सेकंदही लागत नाहीत. पुढे जे घडलं त्यात या एका अक्षराने मोठी शंका मिटवली.

आता ज्या रकान्याबद्दल मला सर्वात जास्त बोलायचं आहे तो. 'पानं पिवळी' ही नोंद कुणीही करू नये. तिचा काही उपयोग नाही. पिवळं पान जुनं आहे की नवं, हे लिहिलंच पाहिजे. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाला एका पानातून काढून दुसऱ्याकडे नेता येतं. त्यामुळे ते कमी पडलं की झाड खालच्या जुन्या पानांतून उचलतं आणि कोवळ्या शेंड्याला देतं, आणि पिवळी पडतात ती जुनी पानं. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात गेलं की सहसा तिथेच राहतं. म्हणून लोह मिळेनासं झालं की पिवळं पडतं ते शेंड्याचं नवं पान, आणि त्याच्या शिरा हिरव्या राहिल्याने हिरवी जाळी स्पष्ट दिसते. एवढा एक फरक लिहिला की अर्धी कारणं बाद होतात. माझ्या वहीत यासाठी 'जु' आणि 'न' असा वेगळा रकाना आहे आणि आमच्या घरात पाणी घालणाऱ्या प्रत्येकाला, आईलाही, तो भरायला लावते.

वहीतल्याच काही ओळी देते.

१६ फेब्रुवारी, सगळी झाडं: आजपासून टँकर.
२० मार्च, अनंत: न, पिवळट, शिरा हिरव्या. को.
२७ मार्च, लिंबू: नवी पालवी फिकट, न, शिरा हिरव्या. जु ठीक. को.
५ एप्रिल, मोगरा दोन्ही: न, तसंच. कुंडीच्या कडेला पांढरा थर.
५ एप्रिल, जास्वंद, कोरफड: ठीक.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सेवेचा माणूस आला आणि लिंबाकडे बघून म्हणाला, "ताई, खत कमी पडतंय. १९:१९:१९ दुप्पट करू आणि एप्सम सॉल्टपण टाकू, पॅकेज वेगळं लागेल." मी लिंबाचं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. प्रत्येक फेरीला त्याने स्वतः विद्राव्य खत दिल्याची तारीख तिथे होती. शिवाय अनंताला थंडीपासून एकदाही रासायनिक खत दिलेलं नव्हतं आणि पिवळा आधी तोच पडला होता. खत दिलेलं आणि खत न दिलेलं झाड एकाच पद्धतीने पिवळं पडत असेल, तर कारण खतात शोधायचं कसं? एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, त्याची कमतरता जुन्या पानांवर दिसली असती, आणि वहीत तर 'जु ठीक' होतं. त्याच्या साहेबांनी फोनवर "मॅडम, आमचा अनुभव आहे" एवढंच उत्तर दिलं. पुढच्या महिन्यापासून मी सेवा बंद केली.

कुंडीत पाणी साठून मुळं गुदमरली तरी नवी पानं अशीच फिकट पडतात, ही शंका मलाही आली होती. पण अनंत आणि लिंबाच्या ओळींत 'को' होतं, 'चि' कुठेच नव्हतं. म्हणून ती बाजूला ठेवली. सगळ्या पिवळ्या झाडांत एकच गोष्ट सारखी उरली: टँकर सुरू होऊन महिना उलटला होता. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी फक्त स्वयंपाकघराच्या नळाला येतं, बाकी सगळीकडे टँकरचं. शेजारच्या काकूंकडे क्षार मोजायचं यंत्र आहे. पालिकेच्या पाण्याला आकडा शंभरच्या आसपास आला, टँकरच्या पाण्याला सातशेच्या वर.

टँकरच्या अशा जड पाण्यात बायकार्बोनेट असतात. रोज तेच पाणी घातलं की कुंडीतलं मिश्रण हळूहळू अल्कधर्मी होतं आणि मातीतलं लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडतं. लोह कुंडीत असतं, मुळांना मिळत नाही. अनंत आम्लधर्मी मातीचं झाड असल्याने सर्वात आधी तक्रार करतो, लिंबूवर्गीय झाडं त्याच्या मागोमाग. दुप्पट खत दिलं असतं तर क्षार आणखी वाढले असते आणि जादा स्फुरदाने लोहाची अडचणही वाढली असती.

तरीही तारखा जुळल्या म्हणून कारण सिद्ध होत नाही. म्हणून दोन मोगरे कामाला घेतले. दोन्हींची सारखी छाटणी केली. एकाला स्वयंपाकघरातलं पाणी, दुसऱ्याला टँकरचं, बाकी ऊन, खत, जागा सगळं तेच. मे महिन्यात दोन्हींना नवी पालवी आली. पहिल्याची हिरवी, दुसऱ्याची फिकट आणि जाळीदार. या दोन ओळी वहीत शेजारी-शेजारी लिहिताना झालेला आनंद मी विसरणार नाही.

लिंबासाठी चिलेटेड लोह आणलं, म्हणजे मुळांना घेता येईल अशा विरघळणाऱ्या रूपात बांधलेलं लोह. इथे पाकीट नीट वाचा. बाजारात ईडीटीए रूपातलं लोह स्वस्त आणि सहज मिळतं, पण अल्कधर्मी मातीत ते टिकत नाही, लवकर निकामी होतं. ईडीडीएचए लिहिलेलं महाग असतं, पण अशा मातीत तेच काम करतं. चौदा इंची कुंडीला साधारण दोन ग्रॅम, पाण्यात विरघळवून, संध्याकाळी, आधी ओल्या केलेल्या मातीत दिलं. पाणी गडद लाल होतं आणि फरशीवर डाग पडतो, खाली ताटली ठेवा. त्या दिवशी आणि पुढचे तीन आठवडे लिंबाला दुसरं काहीही दिलं नाही, कारण दोन उपाय एकत्र केले की कुठला लागू पडला हे वही सांगू शकत नाही. गुण बघायचा तो पुढच्या पालवीवर. आधीची फिकट पानं पूर्ण हिरवी होतील अशी वाट बघू नका. मेअखेरीस आलेली पालवी हिरवी होती.

याच वहीतून लिंबाची आणखी एक गोष्ट हाती लागली. 'पालवी फुटली' अशी नोंद केल्यावर आठवड्याभरात 'अळी' ही नोंद हमखास यायची. लिंबावरचं फुलपाखरू कोवळ्या पानांवरच अंडी घालतं, आणि लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत असल्याने नजरेतून सुटते. आता पालवीची ओळ लिहिली की पुढच्या चौथ्या-पाचव्या दिवसासमोर पेन्सिलीने खूण करून ठेवते आणि त्या दिवशी पानं उलटून बघते. अळ्या हाताने वेचून संपतात, फवारणी लागत नाही. जास्वंदीवरही 'मुंग्या' ही नोंद नेहमी 'पिठ्या ढेकूण'च्या आधी आली आहे. मुंग्या चढताना दिसल्या की शेंडे आणि पानांचे देठ तपासायचे.

वहीची उणीव ही की तिच्यात जे लिहिलं नाही ते ती दाखवत नाही. पाणी कुठलं, हा रकाना मी ठेवला नव्हता. १६ फेब्रुवारीची ओळ आईने लिहिली, कारण तिला टँकरच्या पाण्याचा राग होता. ती ओळ नसती तर अनंत आणि लिंबू यांचा संबंध मला इतक्या लवकर लागला नसता. आता प्रत्येक ओळीत 'पा' किंवा 'टँ' असतं: पालिका किंवा टँकर. जूनपासून कुंड्या थेट पावसात ठेवल्या आहेत, तिथे 'पाऊस' लिहिते. पावसाने साठलेले क्षार धुऊन निघाल्यावर टँकरवर असलेल्या मोगऱ्याचीही नवी पानं जुलैत हिरवी आली आहेत.

खर्च म्हणाल तर वही, पेन्सिल आणि लोहाचं एक पाकीट, सगळं मिळून सेवेच्या एका महिन्याच्या फीपेक्षा कमी. पुढच्या वर्षी टँकर सुरू होण्याची वाट न बघता अनंत आणि लिंबासाठी फेब्रुवारीपासूनच स्वयंपाकघरातून रोज एक बादली बाजूला काढायची, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.