एक्स स्क्यूइंग मोजायचंय: मिथायलेशन टेस्ट घ्यावी की आरएनए?

बाईच्या पेशीत दोनपैकी एक एक्स क्रोमोसोम बंद असतो, हे सगळ्यांना माहितीये. कुठला बंद करायचा ते गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी आपापलं ठरवते आणि पुढे तिच्या सगळ्या लेकी पेशी तेच पाळतात. डीएनएचा क्रम तोच राहतो, फक्त झिस्ट नावाचा आरएनए त्या एक्सवर पसरतो, जीन्स गप्प होतात आणि नंतर प्रमोटरवर मिथायल ग्रुप बसून कुलूप पक्कं होतं. साधारण अर्ध्या पेशींत आईकडचा बंद आणि अर्ध्यांत वडिलांकडचा, असं अपेक्षित असतं. 80:20 च्या पुढे गेलं की लोक स्क्यूड म्हणतात.

ह्युमारा ही मिथायलेशन टेस्ट हे कुलूपच वाचते. एक्सवरच्या एआर जीनमध्ये CAG रिपीट असतो, त्याची लांबी दोन एक्सवर बहुतेक वेळा वेगळी असते आणि शेजारीच CCGG जागा असतात. हपा-टू एन्झाइम मिथायल नसलेली CCGG कापतं, म्हणजे चालू एक्स तुटतो आणि पीसीआरमध्ये फक्त बंद एक्सच वाढतो. समजा 20 आणि 24 रिपीट आहेत, न कापलेल्या नमुन्यात पीक 1000 आणि 800, कापल्यावर 900 आणि 80. सरळ 900 ला 80 ने भागू नका, लहान अलील पीसीआरमध्ये तसाही जास्त वाढतो. 900/1000 म्हणजे 0.9, 80/800 म्हणजे 0.1, म्हणजे उत्तर 90:10. आणि सोबत पुरुषाचा डीएनए लावाच, त्याचा एकुलता एक्स चालू असतो त्यामुळे कापल्यावर पीक दिसायलाच नको, दिसला तर एन्झाइमनं नीट कापलेलं नाही आणि तुमचा आकडा फेकून द्यायचा.

अडचण कुठे, तर दोन्ही रिपीट सारखे निघाले की टेस्ट काहीच सांगत नाही. शिवाय मोजतोय मिथायलेशन, जीन खरंच गप्प आहे का ते नाही.

आरएनएवाली पद्धत ते थेट बघते: हेटेरोझायगस एसएनपी, म्हणजे दोन एक्सवर एका अक्षराचा फरक असलेली जागा, घ्यायचा आणि कुठल्या अलीलचा आरएनए किती येतो ते मोजायचं. पण तो जीन त्या टिश्यूत चालू हवा आणि आरएनए ताजा हवा, जुन्या साठवलेल्या डीएनएवर हे होत नाही. केडीएमसिक्सए सारखा जीन निवडलात तर फसाल, कारण तो बंद एक्सवरूनही चालू राहतो, मग स्क्यूड बाईतही दोन्ही अलील दिसतात.

माझं मत विचाराल तर आधी ह्युमारा करा, आणि रिपीट सारखे निघाले किंवा प्रश्न एका ठरावीक जीनचाच असेल तर आरएनएकडे वळा. पण डुशेन या स्नायूंच्या आजाराच्या कॅरिअरचा विचार करत असाल तर दोन्ही टेस्ट रक्तावर करून निर्धास्त होऊ नका, स्नायूत प्रमाण वेगळं असू शकतं, आणि वय वाढतं तसं रक्तातलं स्क्यूइंग तसंही वाढत जातं. आणि 90:10 आलं तरी म्युटेशन बंद एक्सवर आहे की चालू, हे आईवडिलांचे रिपीट बघितल्याशिवाय बऱ्याचदा कळत नाही, म्हणून त्यांचे नमुने सुरुवातीलाच मागून घ्या.