फॉर्म्युल्यांचं पान की पानांची सूची? एनर्जी ऑडिटरच्या चौथ्या पेपरसाठी

बीईईच्या एनर्जी ऑडिटर परीक्षेचा चौथा पेपर ओपन बुक असतो हे ही परीक्षा देणाऱ्याला सांगायला नको. एनर्जी मॅनेजर व्हायचं असेल तर पहिले तीन पेपर पुरतात, त्यांना ही भानगड नाही. चौथ्यात दोन तासांत शंभर मार्क आणि माझ्या वेळी त्यातले ऐंशी वीस-वीस मार्कांच्या मोठ्या गणितांना होते. चारही गाईडबुकं टेबलावर ठेवून बसायचं म्हटलं तरी पानं उलटायला वेळ कुणाकडे असतो? म्हणून जो तो एक पान तयार करतो. पण कसलं, यावर दोन पंथ आहेत.

पहिला पंथ फॉर्म्युला शीटवाल्यांचा. चारही पुस्तकांतली सूत्रं बारीक अक्षरात एका ए-फोर कागदावर उतरवायची आणि पुस्तक शक्यतो उघडायचंच नाही. दुसरा सूचीवाल्यांचा. पानावर सूत्रं जवळजवळ नसतात, शब्द असतात आणि प्रत्येक शब्दापुढे पुस्तक, प्रकरण, पान. मी दोन्ही करून पाहिली आहेत. पहिल्या खेपेला फॉर्म्युला शीट नेली आणि चौथ्या पेपरात राहिलो. दुसऱ्या खेपेला सूची नेली. खापर सगळं कागदावर फोडत नाही, पहिल्या वेळी अभ्यासही यथातथाच होता.

फॉर्म्युला शीटच्या बाजूने आधी बोलतो, कारण तिच्यावर अन्याय होतो. पंप, फॅन, कॉम्प्रेसर, एसी या भागांत ती खरंच वेगवान आहे. फॅनच्या गणितात घनमीटर प्रति सेकंद गुणिले मिलिमीटर वॉटर कॉलम भागिले १०२ केलं की एअर किलोवॅट निघतात, एक टन रेफ्रिजरेशन म्हणजे तासाला ३०२४ किलोकॅलरी, एक युनिट विजेचे ८६० किलोकॅलरी. असे आकडे पुस्तकात शोधायला जाणं म्हणजे वेळ घालवणं. ते पानावरच हवेत. आणि सूत्रं हाताने लिहून काढताना निम्मी पाठ होतात, हा फायदा परीक्षेच्या आधीच मिळून जातो.

मग बिनसलं कुठे? बॉयलरमध्ये. आणि तेही एका अक्षरापायी.

इनडायरेक्ट मेथडने कार्यक्षमता काढताना पहिला मोठा तोटा कोरड्या फ्लू गॅसचा. माझ्या शीटवर तो असा होता:

```
L1 = m × Cp × (Tf − Ta) × 100 / GCV
```

दिसायला पूर्ण. समजा गणितात फर्नेस ऑइल आहे: कार्बन ८४ टक्के, हायड्रोजन १२, सल्फर ३, ऑक्सिजन १, जीसीव्ही १०,००० किलोकॅलरी प्रति किलो. फ्लू गॅसमध्ये ऑक्सिजन ७ टक्के, चिमणीचं तापमान २२०, बाहेरचं ३०. एक्सेस एअर म्हणजे ७ भागिले (२१ वजा ७), ५० टक्के. थिऑरेटिकल एअर येते किलो इंधनाला १४ किलो, म्हणजे प्रत्यक्ष हवा २१ किलो. इथवर हात भराभर चालतो.

आता m किती? हवा २१ आणि इंधन १, मिळून २२. हे सोपं उत्तर आणि पुस्तकात सोपी पद्धत म्हणून ते दिलेलंही आहे. पण त्या २२ किलोंत हायड्रोजन जळून झालेली वाफसुद्धा आहे, हायड्रोजनच्या नऊपट, म्हणजे १.०८ किलो. त्या वाफेचा तोटा आपण पुढच्याच पायरीत वेगळा काढतो, ५८४ किलोकॅलरी सुप्त उष्णता धरून, आणि या गणितात तो ७.२३ टक्के येतो. मग कोरडा गॅस खरा २०.९२ किलो. Cp ०.२३ धरला तर २२ ने पहिला तोटा ९.६ टक्के येतो, २०.९२ ने ९.१४. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

तपासणारा दोन्हीला मार्क देतही असेल. पण मी परीक्षेच्या हॉलमध्ये बसलो होतो, शीटवर नुसता m होता आणि तो कोरडा की एकूण हे मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. घरी लिहिताना ते इतकं उघड वाटलं होतं की लिहावंसं वाटलंच नाही! मग पुस्तक उघडलं. कोणतं? बॉयलर दुसऱ्या पुस्तकातही आहे, थर्मल युटिलिटीजमध्ये, आणि चौथ्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण बॉयलरच्या परफॉर्मन्स असेसमेंटचं आहे. मी आधी दुसरं चाळलं, मग चौथं. घड्याळात सात-आठ मिनिटं गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे डोकं गेलं. पुढचं हीट एक्स्चेंजरचं गणित त्याच घाईत बिघडलं.

घरी परत आल्यावर माझ्या लक्षात आलं की अडलो तेव्हा मला सूत्र नको होतं. सूत्र होतंच. मला हवं होतं ते सोडवलेलं उदाहरण, ज्यात m च्या जागी खरोखरचा आकडा घातलेला आहे. एका पानात उदाहरणं मावत नाहीत. त्यांचे पत्ते मावतात.

म्हणून दुसऱ्या वेळी सूची. तिची रचना मी दोनदा बदलली. पहिल्यांदा प्रकरणांच्या क्रमाने केली, म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचीच नक्कल झाली, उपयोग शून्य. गणित वाचताना प्रकरण डोळ्यासमोर येत नाही, शब्द येतो. ब्लोडाउन, टीडीएस, एलएमटीडी, हीट रेट, फ्री एअर डिलिव्हरी. म्हणून पेपरात इंग्रजीत जसा शब्द छापून येतो तोच आणि त्याच वर्णानुक्रमाने. दुसरी चूक म्हणजे दीडशेच्या वर नोंदी भरल्या. तेवढ्या नोंदींतून एक शोधणं पुस्तक चाळण्याइतकंच जड. शेवटी सत्तर-बहात्तर ठेवल्या, जुने पेपर सोडवताना ज्या शब्दाशी एकदाही अडलो नाही तो खोडला.

प्रत्येक नोंदीपुढे मी दोन पत्ते लिहिले: सूत्राचं पान आणि सोडवलेल्या उदाहरणाचं पान, दुसऱ्याखाली लाल रेघ. ‘ड्राय फ्लू गॅस’पुढे पुस्तक ४, प्रकरण १, दोन पानं, आणि कंसात एवढंच: ‘m कोरडा, हवा + इंधन धरल्यास वाफ दोनदा’. असे इशाऱ्याचे शब्द सगळ्या नोंदींना लागत नाहीत, माझ्याकडे दहा-बारांना होते. पानांचे आकडे इथे मुद्दाम देत नाही, आवृत्ती बदलली की ते सरकतात.

सूचीचा एक छुपा फायदा वापरताना कळला. ब्लोडाउनची टक्केवारी चौथ्या पेपरात विचारली तरी तिच्या सूत्रासाठी सूची थेट दुसऱ्या पुस्तकातल्या बॉयलरच्या प्रकरणात नेते. चौथा पेपर म्हणून चौथंच पुस्तक चाळत बसणारे मी पाहिलेत, त्यातला एक मीच.

तोटे आहेत, लपवत नाही. प्रत्येक पत्ता उघडायला माझी वीस-तीस सेकंदं जात होती, म्हणून वर सांगितलेले १०२, ३०२४, ८६० असे आकडे मी सूचीच्या तळाशी एका चौकोनात लिहून घेतले. तेवढ्यापुरता पहिल्या पंथाला शरण गेलो म्हणा. आणि सूची चुकली तर फॉर्म्युला शीटपेक्षा वाईट चुकते. माझ्या पहिल्या सूचीतले निम्मे आकडे पीडीएफ उघडल्यावर वर दिसतात ते होते, पानाच्या तळाशी छापलेले नव्हते. प्रकरणं सुटी-सुटी डाउनलोड केली असतील तर प्रत्येक फाइलचं पहिलं पान ‘१’ दिसतं, स्पायरल बाइंडिंग केल्यावर त्याला काही अर्थ उरत नाही. तपासायचा सोपा उपाय: घरातल्या कुणाला तरी सूचीतले दहा शब्द कुठूनही वाचायला सांगा आणि जी प्रत हॉलमध्ये नेणार तीच उघडा. माझ्या बायकोने वाचले, दहापैकी चार चुकले. रात्री सगळे पत्ते पुन्हा लिहिले. मित्राची तयार सूची घेणाऱ्यांनी तर हे आधी करावं, त्याची आवृत्ती जुनी असेल तर सगळेच पत्ते थोडे थोडे सरकलेले असतात.

घरी जुने पेपर लावले तेव्हा बॉयलरचं वीस मार्कांचं गणित शीट घेऊन मला चौतीस मिनिटं लागली होती, सूची घेऊन सव्वीस. गणितं वेगळी होती आणि दुसऱ्या वेळी तयारीही बरी होती, तेव्हा या आकड्यांवर फार भार टाकू नका.

इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये बॉयलर सांभाळणारा माझा एक मित्र फॉर्म्युला शीटवरच पहिल्या झटक्यात पास झाला. तो रोज फ्लू गॅस अॅनालायझर लावतो, त्याला m काय हे झोपेतही सांगता येईल. रोजचं काम थर्मलचं असेल तर तुम्हीही बहुधा त्याच्या वाटेने जाल आणि ते चुकीचं नाही. माझ्यासारखे इलेक्ट्रिकलवाले, ज्यांचा बॉयलरशी संबंध फक्त त्याच्या एफडी फॅनच्या मोटरपुरता, त्यांनी मात्र सूची एकदा करून पाहावी. दोन रविवार जातात. सुटा कागद चालतो की नाही हे प्रवेशपत्रावरच्या सूचनांत आधी वाचून घ्या. मी माझं पान चौथ्या पुस्तकाच्या कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं, उभं नाही, आडवं, म्हणजे कव्हर उघडं टाकून शेजारी दुसरं पुस्तक ठेवता येतं.