हँडलचं बटण साफ करावं की हेडलाइटला रिले लावावा?

माझ्या जुन्या ३५० सीसी गाडीला ६०/५५ वॅटचा एच४ बल्ब आहे. म्हणजे हँडलवरच्या इवल्याशा बटणातून सतत साडेचार-पाच अँपिअर जातात. अर्धा तास रात्री चालवली की डाव्या हाताचं बटण कोमट लागायचं, आणि उजेड पिवळट.

काही विकत घेण्याआधी मल्टिमीटर लावला. इंजिन चालू, डिपर चालू, मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं बल्बच्या कपलरमागे डिपरच्या पिनला. मीटर जे दाखवेल, तेवढं व्होल्टेज वाटेतच खर्च होतंय. माझ्याकडे १.२ आलं, त्यातलं ०.८ एकट्या बटणात. बल्बची अर्थ पिन ते बॅटरीचा मायनस, तिथे आणखी ०.३. एकूण दीड व्होल्ट गायब. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की हॅलोजनचा उजेड साधारण तीस टक्के घटतो, म्हणून हा दीड व्होल्ट डोळ्याला दिसतो.

आधी बटण उघडून काळे पडलेले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. बटणातला तोटा ०.२ वर आला. खर्च जवळपास शून्य, पण तेवढाच करंट त्याच पॉइंटमधून जात राहतो, त्यामुळे दोन पावसाळ्यांत परत तेच.

मग रिले, म्हणजे थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या प्लसवरून, वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज घालून, अडीच एमएमची वायर रिलेच्या ३० नंबरला. ८७ मधून बल्बला. बटणाची मूळ वायर ८६ ला, ८५ अर्थला. आता बटणातून जेमतेम ०.२ अँपिअर जातो. अप्परला एक, डिपरला एक असे दोन रिले घ्या. एक गेला तरी दुसऱ्या बीमवर घरी येता येतं. अर्थची नवी वायर थेट बॅटरीला नेली नाही तर तो ०.३ तसाच राहतो, आणि लोक नेमकं हेच विसरतात. माझा एकूण तोटा आता ०.३ व्होल्ट आहे. रिलेच्या पिना खाली तोंड करून बसवा, नाहीतर होल्डरमध्ये पाणी साचतं.

दोन्ही बाजू मिळून तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर रिलेचा खटाटोप करू नका. ३५/३५ वॅटच्या बल्बलाही सहसा गरज पडत नाही. जुन्या १०० सीसी गाड्यांत हेडलाइट अनेकदा बॅटरीवर नसून थेट कॉइलच्या एसीवर चालतो. इंजिन बंद करून चावी फिरवल्यावर हॉर्न वाजतो पण हेडलाइट लागत नाही, तर हाच संशय घ्या. त्या वायरवर साधा रिले नुसता खडखडतो. हेडलाइट आपोआप लागणाऱ्या एएचओ गाडीतही इंजिन चालू झाल्यावरच दिवा लागतो, म्हणून तिथे वायरिंग डायग्राम बघूनच ठरवा.

१००/९० चा बल्ब टाकायचा म्हणून रिले शोधत असाल तर थांबा. रिले बटण वाचवतो, वीज बनवत नाही. ट्रॅफिकमध्ये बॅटरी उतरेल आणि प्लॅस्टिकचा कपलर वितळेल तो वेगळाच.