पिस्टन रॉड घरात करायचा की बाहेरून घ्यायचा?

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा हायड्रॉलिक जॅक बनवणाऱ्या लहान कारखान्यात हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी निघतोच. सिलिंडर ट्यूब, ग्लँड, पिस्टन घरात होतात. रॉडचं काय करायचं? लेथवाला म्हणतो घरात करू, खरेदीवाला बाहेरचं कोटेशन पुढे करतो, आणि मालक कॉस्ट शीट मागवतो. ही कॉस्ट शीटच बहुतेक वेळा दिशाभूल करते, म्हणून सुरुवात तिथूनच.

उदाहरणासाठी ४० मिमी व्यासाचा, ६०० मिमी लांबीचा, ईएन८ पोलादाचा रॉड घेऊ. महिन्याला ४०० नग. बारचं टर्निंग, ग्राइंडिंग, मग हार्ड क्रोम प्लेटिंग आणि शेवटी पॉलिश. सगळे रुपये उदाहरणाचे आहेत. तुमचा वीजदर, बारचा भाव आणि मजुरी घालून गणित पुन्हा मांडा.

घरात करताना काळा बार ५२५ रुपयांचा जातो. सीएनसी लेथवर २० मिनिटं (ताशी ४५० रुपये) म्हणजे १५०, ग्राइंडिंगला १५ मिनिटं (ताशी ४००) म्हणजे १००, पॉलिशला ६ मिनिटं म्हणजे ४०. प्लेटिंगचं जॉबवर्क वाहतुकीसह २०० आणि रिजेक्शनचे ५०. एकूण १,०६५. तयार रॉडचं कोटेशन १,२४०. नगामागे १७५ वाचतात, महिन्याला ७० हजार. निर्णय झाल्यासारखाच वाटतो.

पण ताशी ४५० हा दर कसा बसवलाय ते बघा. त्यात मशीनचा घसारा आहे, शेडचं भाडं आहे, सुपरवायझरचा आणि ऑपरेटरचा पगार आहे. रॉड बाहेरून घेतला म्हणून यातला एक रुपयाही कमी होत नाही. खरोखर वाढणारा खर्च म्हणजे वीज, इन्सर्ट, कूलंट, ग्राइंडिंग व्हील. धरा ताशी १५० रुपये. लेथ रिकामा उभा असेल तर ४१ मिनिटांचे साधारण १०३ रुपयेच पडतात आणि रॉडचा खरा खर्च ८७८ वर येतो.

आता उलट बाजू. लेथ भरलेला असेल तर रॉडची २० मिनिटं दुसऱ्या कामाच्या तोंडातून काढून घ्यावी लागतात. समजा त्याच लेथवर ग्लँड आणि पिस्टनचं जॉबवर्क चालतं आणि माल, वीज, टूल वजा जाता ताशी १,२०० रुपये सुटतात. मग प्रत्येक रॉडमागे ४०० रुपयांची कमाई बुडते आणि रॉड १,२७८ ला पडतो. बाहेरच्या कोटेशनपेक्षा ३८ रुपये महाग. रॉड तोच, मशीन तेच, फक्त मशीन रिकामं की भरलेलं एवढाच फरक.

म्हणून पहिली चौकशी क्षमतेची. ४०० नगांना लेथचे १३३ तास लागतात. एका पाळीत महिन्याचे २०० तास कागदावर असतात. सेटिंग, वीज जाणं, टूल बदलणं, सुट्ट्या धरल्या तर १६५ हातात पडले तरी बरे. म्हणजे रॉडच जवळजवळ पूर्ण पाळी खाणार. आणि ट्रॉलीची मागणी वर्षभर सारखी नसते. दसरा-दिवाळीच्या आधीचे दोन-तीन महिने लेथ श्वास घ्यायला मोकळा नसतो, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला तोच निम्मा वेळ बसून असतो. ‘घरात की बाहेर’ याचं उत्तर जूनमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये दुसरं येतं, ते यामुळे.

मंदीत रॉड करून ठेवले तर? तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेला क्रोम रॉड सहज टिकतो. १२ टक्के व्याजाने ८७८ रुपयांवर महिन्याला ९ रुपये पडतात. तीन महिने ठेवला तरी २७. गणित उत्तम आहे. अडचण रोख रकमेची: हंगामाचे १,२०० रॉड आधी करून ठेवायचे तर साडेदहा लाख अडकतात, आणि मधे कुणी गिऱ्हाईक ५० मिमीचा जॅक मागू लागलं तर हे ४० मिमीचे रॉड पुढच्या वर्षापर्यंत रॅकवर.

दर्जाच्या बाबतीत दोन वाटांचा फरक पैशापेक्षा मोठा आहे. रॉडचं खरं काम सीलखाली घासत राहणं. तो चकचकीत दिसला म्हणजे चांगला असं नाही. एफ७ टॉलरन्समध्ये ४० मिमीचा तयार व्यास ३९.९५० ते ३९.९७५ मध्ये हवा. क्रोमचा थर बाजूला २५ मायक्रॉनचा हवा असेल तर प्लेटिंगआधी ग्राइंडिंग साधारण ३९.९०० ते ३९.९२५ वर थांबायला पाहिजे. कुणी ३९.९४ वरच थांबला आणि वर दहा मायक्रॉन क्रोम चढवला, तरी तयार रॉड ३९.९६ भरतो. मायक्रोमीटरवर पास! इन्स्पेक्शनला गेलेला पोरगा ओकेचा शिक्का मारतो, आणि एका पावसाळ्यात, शेताच्या मातीत, त्याच रॉडला गंजाचे ठिपके येतात. मग सील फाटतं आणि तेल गळायला लागतं. थर पातळ ठेवण्यात पुरवठादाराचा रसायनाचा आणि विजेचा खर्च वाचतो, त्यामुळे ही लबाडी मोहात पाडणारी आहे.

ती पकडायला चुंबकीय पद्धतीचं कोटिंग थिकनेस गेज पुरतं. रॉडच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी, गोलाईत फिरवून वाचा. प्रत्येक लॉटमधले पाच-सहा नग तपासा आणि पुरवठादाराकडून प्लेटिंगआधीच्या मापांची नोंदही मागा. खरखरीतपणा ०.२ मायक्रॉन आरएच्या आसपास असावा. त्यासाठी सरफेस टेस्टर हवाच, नखाने कळत नाही. रॉड दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावून फिरवा, वाकडेपणा लगेच दिसतो.

घरात करताना वेगळीच डोकेदुखी असते. प्लेटिंग घरात कुणीच करत नाही, आणि करूही नये: त्यात षट्संयुजी क्रोमियम असतं, सांडपाण्याची प्रक्रिया करावी लागते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात इलेक्ट्रोप्लेटिंग लाल गटात मोडतं. ४०० रॉडांसाठी हा उपद्व्याप नको. म्हणजे रॉड एकदा बाहेर जातोच. मग क्रोम सोलून निघाला की प्लेटिंगवाला म्हणतो, तुमच्या ग्राइंडिंगला जळके डाग होते. ग्राइंडरवाला म्हणतो, त्याने साफ न करताच टाकीत बुडवला. क्रोमखालचा पृष्ठभाग आता कुणालाच दिसत नाही, आणि वाद सुटत नाही. तयार रॉड घेतला की निदान जबाबदार एकच माणूस असतो. हा फायदा कॉस्ट शीटमध्ये कुठेच दिसत नाही, पण रिजेक्शनचे ५० रुपये आणि भांडणात जाणारे तास यातूनच येतात.

तिसरी वाट लोक विसरतात: तयार क्रोम केलेला बार. ३ किंवा ६ मीटर लांबीचा मिळतो. घरात फक्त कापायचा आणि टोकांचं मशिनिंग करायचं. लेथची २० मिनिटं ९ वर येतात आणि ग्राइंडर-पॉलिश दोन्ही सुटतात. इथे लांबीचं गणित बघण्यासारखं आहे. समजा ६ मीटरचा बार ८,७०० ला मिळाला. ६०० मिमीचे १० नग होतील असं वाटतं, पण तोंड मारायला २ मिमी आणि ब्लेडला ३ मिमी धरले की एका नगाला ६०५ लागतात आणि बारमधून ९ च निघतात. नगाला ९६७ रुपये माल. रॉड ८ मिमी आखूड केला, म्हणजे ५९२ मिमीचा, तर १० निघतात आणि माल ८७० वर येतो. जॅक तुमच्याच डिझाइनचा असेल तर ८ मिमी स्ट्रोक कमी झाल्याने ट्रॉलीच्या डंपिंगला फरक पडतो का, हे एकदा तपासा. बहुधा पडत नाही.

या वाटेचे काटेही आहेत. क्रोमचा कडक थर इन्सर्टचं टोक घासून टाकतो, म्हणून पहिला कट थरापेक्षा खोल घ्यावा, म्हणजे टोक पोलादात चालतं. चकच्या जबड्यांमध्ये मऊ जॉ नसतील तर घट्ट आवळल्याचे वळ क्रोमवर राहतात आणि पहिल्याच स्ट्रोकला सील कापतात. टोकाला डोळा वेल्ड करायचा असेल तर त्या भागातलं क्रोम आधी काढून टाका.

तिन्ही वाटांचा एका नगाचा खरा खर्च असा पडतो (बारच्या वाटेत ५९२ मिमीचा रॉड, रिजेक्शनला २० रुपये):

| | लेथ रिकामा | लेथ भरलेला |
|---|---|---|
| पूर्ण घरात | ८७८ | १,२७८ |
| तयार बार, टोकं घरात | ९१२ | १,०९२ |
| तयार रॉड बाहेरून | १,२४० | १,२४० |

यात नवा लेथ घेण्याचा पर्याय नाही, आणि तो रॉडसाठी घेऊही नये. हप्ता ४० हजार आणि नवा ऑपरेटर २० हजार धरला तर ४०० नगांवर १५० रुपये चढतात, म्हणजे १,०२८, ते चालतं. पण मागणी २०० वर आली की चढ ३०० चा होतो आणि रॉड १,१७८ ला जातो. हप्ता मंदी बघत नाही.

राहता राहिला अवलंबून राहण्याचा प्रश्न. एकाच पुरवठादाराकडून तयार रॉड घेणाऱ्याला हंगामात त्याचा मोठा गिऱ्हाईक आधी दिसतो. आणि जवळचा पुरवठादार असेल तर त्याचाही हंगाम तुमच्यासोबतच तापतो. ‘मंदीत आम्ही करू, तेजीत तुम्ही द्या’ हे त्याला परवडत नाही, तो तुम्हाला सगळ्यात शेवटी ठेवतो. त्यापेक्षा वर्षभर दर महिन्याला ठरावीक नग उचला. उधारीवरही फार विसंबू नका. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करार असल्यास ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. प्राप्तिकराच्या २०२३ मधल्या दुरुस्तीनंतर उशिरा दिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देण्याच्या वर्षातच धरावी लागते.

घरात केलं म्हणजे अवलंबित्व संपलं असंही नाही. सिलिंड्रिकल ग्राइंडर नीट चालवणारा कारागीर एखादाच असतो. तो चार दिवस गावी गेला की रॉडची रांग लागते. तयार बार मात्र प्रमाणित व्यासांत दोन-तीन व्यापाऱ्यांकडे मिळतो आणि एकाने भाव वाढवला तर दुसऱ्याकडे जाता येतं. खास ड्रॉइंगचा रॉड असा बदलता येत नाही. नव्या पुरवठादाराचे पहिले नमुने पास व्हायलाच कित्येक आठवडे जातात.

त्यामुळे माझा कल स्पष्ट आहे. स्वतःचं डिझाइन असेल आणि लेथ हंगामात भरत असेल तर तयार बार आणून टोकं घरात करा. कोटिंग गेज मात्र त्याच आठवड्यात विकत घ्या. लेथ वर्षाचे आठ-नऊ महिने रिकामा असेल आणि प्लेटिंगवाला विश्वासाचा असेल तर पूर्ण घरात करा. तयार रॉड घ्यायचा तो ग्राइंडर नसलेल्याने, जबाबदारी एकाच्या गळ्यात हवी असणाऱ्याने, किंवा अचानक दुप्पट ऑर्डर आल्यावर. आणि घेतलात तर ड्रॉइंगवर व्यासासोबत क्रोमची किमान जाडीही लिहा.